‘इत्यादी’त कोण बसते आणि ‘व्हिझ’मधून कोण सुटते?

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत : भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. आता समजा, वैनगंगेला पूर आला आणि त्यानंतर एक इंग्रजी पत्र निघाले. त्यात लिहिले आहे, की बाधित तालुक्यांना, ‘व्हिझ’ पवनी आणि लाखांदूर, अमुक सवलत लागू राहील. साकोलीच्या शेतकऱ्याला ती मिळेल का?

पत्राचा सरळ अर्थ लावला तर नाही. त्याच जागी ‘ई. जी.’ ही दोन अक्षरे असती, तर साकोलीलाही दार उघडे राहिले असते. आणि शेवटी ‘ई. टी. सी.’ असते, तर साकोली आत की बाहेर, यावर वाद घालावा लागला असता. गावे तीच, पूर तोच, फरक पडला तो दोन-तीन अक्षरांनी. ही अक्षरे लॅटिन आहेत, इंग्रजी कागदांतून ती आपल्याकडे आली आहेत आणि बहुतेकांची नजर त्यांच्यावरून नुसती घसरून जाते.

ही अक्षरे नेमके काय सांगतात?

‘ई. जी.’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’. मराठीत ‘उदाहरणार्थ’. पुढे दिलेली नावे नमुन्यादाखल आहेत, आणखीही असू शकतात, असे ही अक्षरे सांगतात. यादी उघडी आहे.

‘व्ही. आय. झेड.’ हे ‘विदेलिकेट’ या शब्दाचे आखूड रूप. अर्थ ‘म्हणजे पुढीलप्रमाणे’. आधी ढोबळपणे सांगितलेली गोष्ट आता नावानिशी मोजून दिली जात आहे, असा इशारा त्यात असतो. जेवढी नावे दिली तेवढीच. यादी बंद आहे.

‘आय. ई.’ म्हणजे ‘इद एस्ट’. मराठीत ‘म्हणजेच’. व्हिझचा हा जवळचा भाऊ. फरक इतकाच, की व्हिझ नावे मोजते आणि ‘आय. ई.’ आधीचीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगते. ‘जिल्ह्याचे मुख्यालय, म्हणजेच भंडारा शहर’ असे लिहायचे तर ‘आय. ई.’ चालते. ‘जिल्ह्यातील सात तालुके, पुढीलप्रमाणे’ असे लिहायचे तर व्हिझ.

‘ई. टी. सी.’ म्हणजे ‘एट सेटेरा’. ‘एट’ म्हणजे ‘आणि’, ‘सेटेरा’ म्हणजे ‘उरलेले’. हे यादीच्या शेवटी येते आणि यादी उघडी ठेवते.

एवढे कळले, की चूक ओळखायची सोपी खूण हाती येते. एकाच वाक्यात सुरुवातीला व्हिझ आणि शेवटी ‘ई. टी. सी.’ असेल, तर ते वाक्य स्वतःशीच भांडत आहे. पहिले अक्षर म्हणते, ‘एवढेच’. शेवटचे म्हणते, ‘आणखीही’. ‘सात तालुके, व्हिझ भंडारा, मोहाडी, तुमसर, एट सेटेरा’ हे वाक्य इंग्रजी येणाऱ्या माणसानेच लिहिलेले असते, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच निश्चित मिळत नाही. ‘ई. जी.’ने सुरू करून ‘ई. टी. सी.’ने संपवणे ही त्याहून सौम्य चूक. तिथे अर्थ बिघडत नाही, फक्त तेच दोनदा सांगितले जाते.

मोठ्याने वाचायचे कसे?

व्हिझमधला ‘झेड’ मुळात झेड नाहीच. मध्ययुगात हाताने लिहिणारे लेखनिक शब्दाची शेवटची अक्षरे गाळताना एक वळणदार खूण करत. ती दिसायला इंग्रजी झेडसारखी किंवा आकडा तीनसारखी होती. छापखाने आले तेव्हा तिच्या जागी झेडचा खिळा बसला आणि तो तसाच राहिला. म्हणून इंग्रजीत मोठ्याने वाचताना जाणकार ‘व्हिझ’ असे न म्हणता ‘नेमली’ म्हणतात. मराठीत वाचून दाखवताना तिथे ‘म्हणजे पुढीलप्रमाणे’ म्हणावे. ‘ई. जी.’ दिसले, की ‘उदाहरणार्थ’ आणि ‘आय. ई.’ दिसले, की ‘म्हणजेच’ म्हणावे.

‘एट सेटेरा’चा उच्चार अनेकदा ‘एक्सेट्रा’ असा होतो. ‘एक्स्ट्रा’ या ओळखीच्या शब्दामुळे जीभ तिकडे वळते. मुळात ‘क्स’ कुठेच नाही. आणि ‘एट’मध्ये ‘आणि’ आधीच असल्यामुळे इंग्रजीत त्याच्या आधी ‘अँड’ लावणे म्हणजे दोनदा ‘आणि’ म्हणणे.

याला हसण्याआधी मराठीकडेही पाहावे. ‘वगैरे’ हा शब्द अरबीतून आला आहे. त्यातला ‘व’ म्हणजे ‘आणि’, ‘गैर’ म्हणजे ‘त्याखेरीज दुसरे’. म्हणजे ‘आणि वगैरे’ म्हणणारा मराठी माणूस नेमकी तीच चूक करतो. ‘इत्यादी’ मात्र वेगळ्या घडणीचा आहे. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘हे ज्याच्या आरंभी आहे असे सगळे’ असा त्याचा अर्थ होतो.

न्यायालय यादी कशी वाचते?

बंद आणि उघड्या यादीचा हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. धान पिकवणाऱ्या आणि भरडणाऱ्या जिल्ह्याला तो पैशांत मोजता येईल असा आहे. त्याचे उत्तम उदाहरण १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यात सापडते. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आला आणि धान्यावरचा तो जुना कर इतिहासजमा झाला. पण यादी कशी वाचायची, हा त्यातला धडा आजही तसाच लागू आहे.

त्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आंतरराज्य व्यापारात विशेष महत्त्वाच्या मालाची यादी होती. त्यात ‘तृणधान्ये’ असा नुसता शब्द लिहून सोडलेला नव्हता. ‘तृणधान्ये, म्हणजेच’ असे लिहून पुढे दहा नावे मोजून दिली होती : धान, तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, कोदो, कुटकी आणि बार्ली. इथे ‘म्हणजेच’साठी वापरलेले इंग्रजी शब्द हे ‘इद एस्ट’चेच भाषांतर होते.

या यादीत धान पहिल्या क्रमांकावर आहे आणि तांदूळ दुसऱ्या. शेतकऱ्याच्या घरात ही एकाच पोत्याची दोन रूपे. राइस मिलमध्ये टरफल निघाले, की धानाचा तांदूळ होतो. पण कायद्याने त्यांना दोन वेगळे क्रमांक दिले होते आणि त्यामुळे ती दोन वेगळी मालनावे झाली.

‘म्हणजेच’ने सुरू होणारी यादी कशी वाचायची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ‘तामिळनाडू राज्य विरुद्ध प्यारेलाल मल्होत्रा’ या प्रकरणात स्पष्ट केले. वाद होता तो याच कलमातल्या ‘लोखंड व पोलाद, म्हणजेच’ या नोंदीचा. एका रूपात कर भरलेल्या लोखंडापासून दुसरी वस्तू बनवली, तर तिच्यावर पुन्हा कर लागतो का, असा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले, की ‘म्हणजेच’ हे शब्द सर्वसाधारणपणे अर्थ पक्का करण्यासाठी, त्याला कुंपण घालण्यासाठी येतात. अर्थ वाढवायचा असतो तेव्हा कायदा ‘यात समाविष्ट आहे’ अशा धाटणीचा शब्द वापरतो. म्हणून यादीत वेगवेगळी दिलेली प्रत्येक वस्तू करासाठी वेगळी वस्तू ठरली.

धान आणि तांदळाबाबतही सर्वोच्च न्यायालयासमोर हरियाणातून असाच प्रश्न आला होता. दोन्ही एकच माल आहेत, हा युक्तिवाद तिथेही टिकला नाही. धानावर भरलेला कर तांदळाच्या करातून वजा व्हावा, यासाठी कायद्याच्या कलम १५ मध्ये तशी वेगळी तरतूदच लिहावी लागली. यादीने जे दोन केले, ते नुसत्या व्यवहारज्ञानाने एक होत नव्हते. त्यासाठी कायद्यातच आणखी एक वाक्य लागले.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. न्यायालयाने ‘सर्वसाधारणपणे’ असेच म्हटले आहे. संपूर्ण कागदाचा संदर्भ स्पष्टपणे उलट सांगत असेल, तर एकटे ‘म्हणजेच’ निकाल ठरवत नाही. पण संदर्भ गप्प असेल, तेव्हा यादी बंद मानूनच वाचली जाते.

मग ‘इत्यादी’त काय काय येते?

यादी उघडी आहे म्हणजे तिच्यात काहीही घुसवता येते, असे नाही. कायद्यात यासाठी एक जुना नियम आहे. त्याचे नावही लॅटिनच : ‘इजुस्डेम जेनेरिस’, म्हणजे ‘त्याच जातीचे’. आधी दिलेली नावे ज्या एका जातीची असतील, त्याच जातीच्या गोष्टी शेवटच्या ‘इतर’मध्ये धरायच्या.

समजा, एखाद्या करारात लिहिले आहे, ‘धान, गहू, ज्वारी इत्यादी साठवण्यासाठी गोदाम’. त्यात मका ठेवता येईल, कारण तेही तृणधान्य. तूर ठेवता येईल का? इथे वाद सुरू होतो. जात ‘तृणधान्य’ धरली तर नाही, ‘धान्य’ धरली तर हो. मोहफुले? ती ना तृणधान्य, ना कडधान्य. खताची पोती तर नाहीतच.

हा नियम चालायला दोन गोष्टी लागतात. आधीच्या नावांची काही तरी समान जात हवी आणि ती जात दिलेल्या नावांतच संपलेली नको. ‘धान, सायकल, पितळी परात इत्यादी’ अशी यादी असेल, तर या तिघांना जोडणारे काहीच नाही. तिथे नियम मदत करू शकत नाही. आणि ‘भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी इत्यादी तालुके’ असे लिहिले, तर जात उघड आहे, पण ती संपून गेली आहे. जिल्ह्यात आठवा तालुका नाही. मग ते ‘इत्यादी’ कशासाठी? गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यामुळे तिरोडा किंवा आमगावच्या लोकांनी त्या ‘इत्यादी’वर आशा ठेवण्यात अर्थ नाही.

‘इत्यादी’ वाचताना म्हणून दोनच प्रश्न विचारावेत. आधीच्या सगळ्यांना जोडणारा एक शब्द कोणता? आणि आपली गोष्ट त्या शब्दात बसते का? पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर लिहिणाऱ्याकडून खुलासा मागणेच शहाणपणाचे.

‘पर से’ गाळले तर काय होते?

भंडारा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो आणि उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात. आज तो निकाल मोबाइलवर येतो आणि पक्षकार तो स्वतः वाचू पाहतो. तिथे हमखास भेटणारा शब्द म्हणजे ‘पर से’. हे आखूड रूप नाही, दोन पूर्ण लॅटिन शब्द आहेत. अर्थ ‘स्वतःहून’, ‘केवळ तेवढ्यानेच’.

फौजदारी निकालांत एक विधान वारंवार येते : फिर्याद नोंदवायला झालेला उशीर ‘पर से’ घातक नाही. घाईत वाचणारा याचा अर्थ ‘उशीर झाला तरी चालतो’ असा घेतो. निकाल तसे म्हणत नाही. तो म्हणतो, केवळ उशीर झाला एवढ्याच कारणाने खटला कोसळत नाही. उशिराचे समाधानकारक कारण दिले असेल तर ठीक. दिले नसेल, तर त्या उशिरामुळे फिर्यादीच्या खरेपणावर संशय येऊ शकतो. ‘पर से’ने दार पूर्ण उघडलेले नाही, फक्त कडी काढली आहे.

ओळखायची खूण अशी : ‘पर से’ असलेले वाक्य जवळजवळ नेहमीच अर्धे असते. उरलेले अर्धे ‘पण’, ‘मात्र’ किंवा ‘तथापि’ने सुरू होऊन पुढे येते, कधी पुढच्या परिच्छेदात. ते मिळेपर्यंत निकालाचा अर्थ लावू नये. मराठीत सांगताना ‘केवळ’ आणि ‘एवढ्यावरूनच’ हे शब्द गाळले, तर अर्थ उलटा होतो.

‘इबिड’ कुणाकडे बोट दाखवते?

‘इबिड’ म्हणजे ‘इबिडेम’, ‘त्याच ठिकाणी’. जिल्हा गॅझेटिअर, इतिहासाची पुस्तके, प्रबंध यांच्या तळटिपांत ते दिसते. त्याचा नियम एकच आहे आणि तो कडक आहे : लगेच आधीच्या तळटिपेत जो ग्रंथ आहे, तोच. दोन टिपा मागचा नाही, प्रकरणाच्या सुरुवातीचा नाही.

समजा, पहिल्या टिपेत १९०८ चे भंडारा जिल्हा गॅझेटिअर आहे. दुसऱ्या टिपेत ‘इबिड, पृष्ठ ४०’. म्हणजे त्याच गॅझेटिअरचे ४० वे पान. आता लेखकाने नंतर या दोहोंच्या मध्ये एक नवी टीप घातली आणि तिच्यात एका जनगणना अहवालाचे नाव लिहिले. ‘इबिड’ला हात लावला नाही, तरी त्याचे बोट आता जनगणना अहवालाकडे वळले. वाचक त्या अहवालाचे ४० वे पान उघडतो आणि तिथे काहीच सापडत नाही. ‘इबिड’ची बहुतेक भांडणे अशीच जन्मतात. आधीच्या टिपेत दोन ग्रंथ असतील, तर कोणता, हेही कळत नाही.

मोबाइलवर हा त्रास वाढतो. ई-पुस्तकात टिपेच्या आकड्यावर बोट ठेवले, की चौकटीत तेवढी एकच टीप उघडते. तिच्यात ‘इबिड’ एवढेच असेल, तर मागची टीप शोधत परत जावे लागते. इंग्रजी ग्रंथलेखनात प्रमाण मानले जाणारे शिकागो मॅन्युअल २०१७ च्या आवृत्तीपासून ‘इबिड’ऐवजी लेखकाचे आडनाव आणि ग्रंथाचे छोटे नाव पुन्हा लिहा, असे सुचवते. ते बरोबरच आहे.

मराठीत याचा जुळा भाऊ आहे, ‘मजकूर’. जुन्या खरेदीखतात ‘राहणार मौजा मजकूर’ असे आढळते. अर्थ : वर सांगितलेले तेच गाव. नक्कल करताना मध्ये दुसऱ्या गावचा साक्षीदार आला, की ‘मजकूर’ म्हणजे कोणते गाव, हा प्रश्न उभा राहतो. ‘सदर इसम’, ‘उपरोक्त जमीन’ यांचेही तेच. वर दोन इसम आणि दोन गट क्रमांक असतील, तर ‘सदर’ कोणता? जुना कागद वाचताना ‘मजकूर’ आले, की बोट वर सरकवत लगेच आधीचे नाव गाठावे आणि ते वाक्यात घालून पाहावे. वाक्य जुळले नाही, तर नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहावी.

दोष लॅटिनचा की लिहिणाऱ्याचा?

लॅटिन हटवून संस्कृत किंवा अरबी शब्द बसवले, की प्रश्न सुटला, असे कुणी समजू नये. ‘इत्यादी’ हा ‘एट सेटेरा’इतकाच निसरडा आहे आणि ‘मजकूर’ हा ‘इबिड’इतकाच. आखूड रूपांतही तोच धोका : ‘इ.’ म्हणजे इत्यादी, इयत्ता की इसवी, हे वाक्य पाहूनच ठरते.

गप्पांत, बातमीत, निबंधात ‘वगैरे’ खुशाल असावे. भाषेला थोडी मोकळीक लागतेच. पण ज्या कागदावरून कुणाला काही मिळणार किंवा नाकारले जाणार, त्यात ‘इत्यादी’ला जागा नसावी. पात्रतेची यादी असेल तर ‘पुढीलप्रमाणे’ म्हणून सगळी नावे लिहावीत आणि शेवटी पूर्णविराम द्यावा. नावे नमुन्यादाखल असतील तर ‘उदाहरणार्थ’ लिहून कोणत्या जातीच्या गोष्टी धरायच्या, हेही एका वाक्यात सांगावे. यादी पुढे वाढवायची मुभा हवी असेल, तर ती कोण वाढवणार, ते लिहावे. यासाठी फार तर दोन ओळी जास्त लागतील.

त्या दोन ओळी वाचवल्या, की त्यांचा भार कागद घेऊन येणाऱ्यावर पडतो. साकोलीच्या शेतकऱ्याला मग आपण त्या ‘इत्यादी’त बसतो, हे खिडकीपाशी उभे राहून पटवून द्यावे लागते. आणि खिडकीच्या आतल्या माणसालाही ठामपणे हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण पत्रानेच ते ठरवलेले नसते.